अक्काचे लाईक कुणी झाकले

आमच्या घरात कुणाला काही अडलं तर मला विचारायची पद्धत नाही, आणि कुणी विचारलं नाही म्हणून मी गप्प बसलोय असंही कधी झालेलं नाही. धंदा माझा मोटर रिवायंडिंगचा. विहिरीवरची मोटर जळाली की ती माझ्या दुकानात येते, आणि तिचा मालक स्टुलावर बसून ती उघडायची वाट बघतो. अशा वाट बघणाऱ्या माणसांशी बोलता बोलता माझं जगातल्या यच्चयावत विषयांवर मत तयार झालेलं आहे. उसाचा दर, गुडघ्याचं ऑपरेशन, उपग्रह, काही विचारा. माहिती थोडी असते, पण आवाजात कुठं कमी पडत नाही.

त्या दिवशी लक्ष्मीपुरीतल्या मसाल्याच्या दुकानात मी याच आवाजात बोललो आणि घोळ झाला.

दुकानात गेलो होतो ते अक्काला घेऊन. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, दिलेली शिरोळकडं. आमच्या घरात निम्मं कानडी चालतं, त्यामुळं थोरली बहीण अक्का, आई अव्वा, आणि पन्नाशी ओलांडून केस विरळ झाले तरी अक्काच्या तोंडी मी तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. अक्काच्या हातची कांदा-लसूण चटणी आमच्या सगळ्या गोतावळ्यात प्रसिद्ध. प्रसिद्ध म्हणजे फुकट. उन्हाळा आला की शिरोळला फोन सुरू, "अक्का, औंदा जरा जास्तच कर." ती मिरच्या निवडायची, भाजायची, कांडपाच्या गिरणीत उभी राहून शिंकत शिंकत कांडून आणायची आणि पाव्हण्यांच्या डब्यांत भरायची. डबे परत यायचे ते रिकामे, पुढच्या उन्हाळ्यासाठी.

मग अक्काचा व्हिडिओ चॅनेल सुरू झाला. दर रविवारी ती एसटीनं कोल्हापूरला यायची. आमच्या स्वयंपाकघरात खिडकीचा उजेड चांगला, म्हणून शूटिंग आमच्याकडं. मोबाईल धरायला मी, आणि नंतर कॉम्प्युटरवर बसून नको ते कापून, नाव देऊन व्हिडिओ चढवायला आमची ही. नको ते म्हणजे बहुतेक मीच असायचो, कारण मोबाईल धरून मधेमधे बोलायचो. अक्का मात्र न लाजता बोलायची. "बायांनो, मिरची भाजताना दारं-खिडक्या उघड्या ठेवा, न्हाईतर नवरा खोकत बाहीर जाईल आणि पुन्ना यायचा न्हाई." लोकांना ते आवडलं. खाली प्रतिक्रिया यायच्या, "अक्का, तुमचं बोलणं ऐकून माझी आई आठवली." अक्का हे आमच्या हिला पुन्हा पुन्हा वाचून दाखवायला लावायची.

आणि मग एका रविवारी तिनं चहा पिता पिता सांगून टाकलं, "तम्मा, मला चटणी दुकानात ठेवायची हाय. बरणीवर माझं नाव पायजे. फुकट वाटून वाटून हात दुखाय लागल्यात." अक्कानं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. मी लगेच म्हणालो, "मी हाय की! लक्ष्मीपुरीत माझ्या ओळखीचा शेठ आहे." ओळख एवढीच की त्यांच्या गावाकडच्या मोटरीला मी एकदा नवी वायर भरून दिली होती.

शेठ चांगला माणूस. त्यांनी चटणी बोटावर घेऊन चाखली, डोळे मिटले, "फस्कलास" म्हणाले. मग मोबाईल काढला.

"पावणं, चव झाली. पण आता गिऱ्हाईक बरणी बघत न्हाई, मोबाईल बघतंय. वैनींचा चॅनेल हाय म्हणालासा न्हवं? कुठाय?"

मी अभिमानानं काढून दिला. शेठनी एक व्हिडिओ लावला, थोडा बघितला, हसले. मग चष्मा वर करून खाली बघायला लागले.

"लाईक किती हाईत कळंना झालंय. नुसता अंगठा दिसतोय आणि शेजारी 'लाईक' लिवलंय. आकडा कुठाय?"

मी मोबाईल घेतला. खरंच. अंगठ्याशेजारी जिथं आकडा असतो तिथं आकडा नव्हता. दुसरा व्हिडिओ लावला, तसंच. तिसरा, तसंच. मला या आधी कधी हे दिसलंच नव्हतं, कारण स्वतःच्या घरचे व्हिडिओ मी कशाला बघतोय? मी तर त्यात आवाजानं हजरच असायचो.

इथं खरं तर "बघून सांगतो" म्हणायची जागा होती. पण माझ्या डोक्यात कुठंतरी वाचलेलं वर आलं, की या व्हिडिओच्या कंपनीनं काहीतरी आकडे लपवायला सुरुवात केली आहे. बास, एवढं पुरेसं होतं.

"शेठ, ते कंपनीनं बंद केलंय," मी म्हणालो. "सगळ्यांचंच. जगात. धोरणच आहे तसं."

शेठनी मान हलवली. मला वाटलं, पटलं. पण त्यांनी मोबाईल परत घेतला आणि दुसऱ्याच एका बाईंचा झुणक्याचा व्हिडिओ लावला. अंगठ्याशेजारी आकडा होता. चांगला मोठा होता.

"मग ह्या बाईंचं कसं काय दिसतंय?"

"ते... जुनं असेल. धोरणाच्या आधीचं."

"काल टाकलाय, पावणं. हितं लिवलंय."

"मग ह्यांचा चॅनेल मोठा असेल. मोठ्यांना सूट असते."

अक्का माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल राग नव्हता, हेच वाईट. ती माझ्यावर विश्वास ठेवत होती.

शेठ आवाज न चढवता म्हणाले, "हे बघा, वैनी. राग मानू नका. मी वाण्याचा पोरगा, माझं काम संशयाचं. तुमी आकडा झाकला असंल तर का झाकला? लोकांनी नाकं मुरडली म्हणून? आणि कंपनीनं झाकला असंल तर कंपनीनं तुमचाच का झाकला? काय खोटेपणा झालाय काय? दोन्हीतलं काय ते मला कळू दे, मग माल ठेवू. चटणी एक नंबर हाय, त्यात वाद न्हाई."

बाहेर आलो. मी गाडीला किक मारली, अक्का मागं बसली. घरापुढं गाडी लावताना ती म्हणाली, "तम्मा, कंपनीला माझं बोलणं आवडलं न्हाई काय रं? त्या नवऱ्याच्या खोकण्याचं बोलले त्ये?"

मीच तिला आत्ता दुकानात सांगितलं होतं की हे कंपनीनं केलंय. आणि शेठनी दाखवलं होतं की दुसऱ्या बाईंचं तसं नाही. मग तिनं दोन्ही जोडून हाच अर्थ काढला तर तिची काय चूक? तिचा आवाज असा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. महापूर आला तेव्हा घरात पाणी शिरलं होतं, तेव्हासुद्धा फोनवर ती मलाच ओरडत होती, "तू कशाला यायलास, हितं बसाय जागा न्हाई!"

मी म्हणालो, "बघतो मी." बघतो म्हणजे आता सोडत नाही, असं मला म्हणायचं होतं.

घरात आल्या आल्या मी अंगातली विजार न बदलता कॉम्प्युटरपुढं बसलो. पासवर्ड कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवलेला होता, म्हणून आत जाता आलं. व्हिडिओ चढवायची जी मालकाची बाजू असते तिथं मी पहिल्यांदाच शिरलो होतो. तिथं अक्काच्या प्रत्येक व्हिडिओचे लाईक स्वच्छ दिसत होते. झुणकेवाल्या बाईंइतके नव्हते, पण लाज वाटावी असे अजिबात नव्हते. चटणीच्या व्हिडिओचे तर भरपूर. म्हणजे लोक अंगठे दाबत होते, मोजणी चालू होती, फक्त बाहेरच्या माणसाला ती दिसत नव्हती.

एका व्हिडिओचा तपशील उघडला, तर खाली 'आणखी दाखवा' म्हणून होतं. ते दाबलं. अगदी तळाशी एक छोटा चौकोन होता, आणि त्याच्यापुढं लिहिलेलं, की किती जणांना हा व्हिडिओ आवडला ते प्रेक्षकांना दाखवायचं. चौकोन रिकामा. दुसरा व्हिडिओ, रिकामा. पण काही जुन्या व्हिडिओंमध्ये त्या चौकोनात बरोबरची खूण होती. आणि एका नव्या व्हिडिओतही होती. तो मी मागच्या जत्रेत मोबाईलवर घेऊन तिथूनच चढवला होता, हिला न विचारता, वाकडा.

म्हणजे कंपनी निर्दोष सुटली होती. कंपनीनं जे झाकलं होतं ते वेगळं, नावडणाऱ्यांचे आकडे, उलट्या अंगठ्याचे. ते तिनं सगळ्यांचेच झाकले आहेत, मालकाला आत दिसतात, बाहेर कुणालाच नाही. मी वाचलेलं ते हे होतं. आवडल्याचा आकडा दाखवायचा का झाकायचा, हे ज्याचा व्हिडिओ त्याच्या हातात. एकेका व्हिडिओचं वेगळं ठरवता येतं. आणि इथं तर कुणीतरी आमच्याच घरात बसून ते ठरवलेलं होतं. सेटिंगमध्ये आणखी खोदलं तर तिथंही तो चौकोन रिकामा सापडला. नव्या व्हिडिओंना आपोआप लागणारं ते सेटिंग, कॉम्प्युटरवरून चढवलेल्यांनाच लागतं. म्हणून जुन्यांचे दिसत होते, आणि मी मोबाईलवरून चढवलेल्या त्या एका वाकड्याचा दिसत होता.

कॉम्प्युटरवर बसणारं माणूस घरात एकच.

ही स्वयंपाकघरातून ओल्या हातानं बाहेर आली. अक्का कोचावर बसलेली. अव्वा पलीकडं खाटेवर, हातात लसणाची पाटी घेऊन. मी खुर्ची फिरवली, अगदी वकिलासारखी.

"हे कुणी केलं?"

हिनं स्क्रीनकडं बघितलं. "मी."

"का?"

तिनं क्षणभर खाटेकडं बघितलं. तेवढ्यात मला सगळं कळायला हवं होतं. पण मी त्या वेळी कुणाचे डोळे बघत नव्हतो, मी स्वतःचं ऐकत होतो. शेठपुढं पडलेलं तोंड अजून गरम होतं. मी म्हणालो, "अगं, त्या शेठनं अक्काला परत पाठवलं! चटणी आवडली, आणि आकडा दिसत नाही म्हणून परत पाठवलं! कुणाला सांगू मी, माझ्याच घरात..." आणि मग म्हणालो ते. "नणंदेचं चांगलं झालेलं तुला बघवेना, असंच का?"

अक्का म्हणाली, "तम्मा!"

हिनं हात पदराला पुसले. हात कोरडेच होते तोवर, तरी पुसले. दर रविवारी सकाळपासून अक्कासाठी ताटं मांडणारी, पातेली घासणारी, आणि सोमवारी दुपारी एकटी बसून माझी बडबड कापणारी बाई. तिला मी हे म्हणालो, आणि ज्या नणंदेसाठी ती हे करत होती तिच्यासमोर म्हणालो.

"तिला काय बोलायला लागलाईस?" खाटेवरून अव्वा म्हणाली. "मी सांगितलं झाकायला."

लसणाची एक पाकळी तिनं सोलून पाटीत टाकली, मग दुसरी.

हे समजायला अव्वाची पद्धत माहीत पाहिजे. नव्वद सालाच्या आसपास आमच्याकडं दोन म्हशी होत्या आणि सकाळी डेअरीत दूध घालायला जायचं. रस्त्यात बायका विचारायच्या, "काय वो, किती निघतंय?" अव्वा कधी आकडा सांगायची नाही. "हाय की घरापुरतं." किटलीवर पदर टाकून चालायची. घरी भाकऱ्या मोठ्यानं मोजायच्या नाहीत, पोरानं जास्त खाल्लं तर त्याच्यासमोर म्हणायचं नाही, नव्या पोत्यातल्या ज्वारीकडं बोट करायचं नाही. आकडा बोलून दाखवला की नजर लागते. तेव्हा माझं शिक्षण नुकतंच झालेलं, आणि मला या सगळ्याची भयंकर मजा वाटायची. मी चौकात उभा राहून विचारणाऱ्याला दुधाचा आकडा खणखणीत सांगायचो आणि वर म्हणायचो, "लावा नजर!" लोक हसायचे. अव्वा हसायची नाही, रागवायचीही नाही. नंतर नंतर तिनं माझ्यापुढं म्हशीचं बोलणंच सोडलं. मला वाटायचं, मी तिला सुधारलं.

"चटणीच्या त्या व्हिडिओला अंगठं वाढत चाललं," अव्वा म्हणाली. "ही वाचून दाखवायची, आज इतकं, आज इतकं. शेजारची पण म्हणाली, अय्यो, किती ते! दुसऱ्या दिशी अक्काच्या हातावर तेल उडालं. मनगटाला अजून डाग हाय. दाव की गं."

अक्कानं बांगडी सरकवली. डाग होता. फोडणीच्या तेलाचा डाग अक्काच्या हातावर दर वर्षी एक तरी असतो, हे अव्वालाही माहीत होतं. पण ते तिला सांगायला मी जागेवरून हललो नाही.

"मी हिला म्हटलं, आकडा झाक. ही म्हणाली, त्येला कंपनी लागत न्हाई, आपल्याला येतंय. मग केलं."

मी हिच्याकडं बघितलं. "मला सांगायचं की."

"सांगून?" ही म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज चढला होता, पण थोडाच. "तुम्ही दुकानात स्टुलावरच्या प्रत्येक माणसाला सांगितलं असतं. आईंना हसला असता. त्या मला म्हणाल्या होत्या, ह्येला कळू देऊ नगं. मी चटणीचा झाकला, आणि पुढं आठवड्याला एकेक चौकोन कशाला रिकामा करत बसू, म्हणून एकदाच सेटिंग बदललं. मला काय माहीत शेठ अंगठे मोजून माल घेतात?"

तिचं खरं होतं. त्यातला शब्दन्‌शब्द. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्टुलावरच्या माणसांबद्दलचंही खरं होतं. मी खरंच सांगितलं असतं. चांगलं रंगवून सांगितलं असतं.

मग अक्का उठली, अव्वाच्या खाटेवर जाऊन बसली आणि पाटीतला लसूण सोलायला लागली. सोलता सोलता म्हणाली, "म्हंजे कंपनीचा राग न्हाई माझ्यावर?"

"कंपनीला तू म्हाईतबी न्हाईस," मी म्हणालो.

"बरं झालं." मग अव्वाकडं वळून, "अव्वा, तुझं बरोबर हाय. पण मला इचारायचं होतंस की. हात माझा भाजला, अंगठंबी माझं. माझं झाकायचं का उघडायचं, त्ये मलाच कुणी इचारलं न्हाई. तू न्हाई, वैनीनं न्हाई. आणि ह्यो तर..." ती माझ्याकडं बघून थांबली. मला वाटतं ते वाक्य तिनं मुद्दाम पुरं केलं नाही.

अव्वानं हातातली पाकळी सोलून पाटीत टाकली आणि म्हणाली, "उघड. पण चटणीचा तेवढा ऱ्हाऊ दे."

आता चटणीचाच व्हिडिओ शेठला बघायचा होता, चटणीच विकायची होती. मी तोंड उघडलं, आणि हिनं माझ्याकडं असं बघितलं की मिटलं. अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे, अव्वा. त्यो झाकलेलाच ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ही कॉम्प्युटरवर बसली. सेटिंग बदललं, ते पुढच्या व्हिडिओंसाठी. आधीच चढलेल्यांना ते लागू होत नाही, म्हणून ते एकेक उघडून चौकोनात खूण करत गेली. मी दुकान लवकर बंद करून आलो होतो. शेजारी उभा राहिलो. म्हणालो, "काल जे बोललो ते..."

ती माऊस न सोडता म्हणाली, "अक्कांसमोर बोललात. माफी पण अक्कांसमोरच मागा. माझ्या एकटीपुढं नको."

मग ती पुढचा व्हिडिओ उघडायला लागली. मी तिथंच उभा. तिनं काही मला जा म्हटलं नाही, पण बस असंही म्हटलं नाही. शेवटी मी बाहेर जाऊन अव्वाच्या औषधाची चिठ्ठी शोधत बसलो. चिठ्ठी खिशातच होती.

पुढच्या रविवारी शूटिंग ठेवलं नाही. शेठकडं गेलो. या वेळी अक्का, ही आणि मी. रिक्षात अक्कानं मला बजावलं, "तम्मा, आज तू गप बसायचं. मी बोलणार."

शेठ गादीवर होते. अक्का उभ्या उभ्याच म्हणाली, "शेट, मागच्या बारीला माझा भाऊ चुकीचं बोलला. कंपनीनं फक्त नावडल्याचं आकडं झाकल्यात, सगळ्यांचंच. आवडल्याचं माझ्या घरात झाकलं होतं. माझ्या अव्वाला नजर लागंल असं वाटतंय, म्हणून. आता उघडल्यात. बघा."

शेठनी मोबाईल काढला. बघितलं. वर खाली केलं. मग चटणीच्या व्हिडिओवर थांबले. "ह्येचा अजून झाकलेलाच हाय की, वैनी."

"व्हय. त्यो अव्वासाठी ठेवलाय. तुमाला बघायचं असंल तर माझ्या भावजयीच्या मोबाईलवर बघा, आतून दिसतंय. उलटा अंगठाबी दिसतोय त्यात." अक्कानं हिला खूण केली. हिनं मालकाची बाजू उघडून मोबाईल पुढं केला. आवडल्याचे आकडे होते, आणि त्याखाली न आवडल्याचेही होते, थोडे. शेठनी दोन्ही वाचले. अक्कानं त्यांना वाचू दिलं, मान खाली न घालता.

"झाकायचं कारण मला काय पटलं न्हाई," शेठ म्हणाले. "पण तुमी खरं सांगताय, ह्ये पटलं." मग माझ्याकडं वळले. "आणि पावणं, तुमी मागच्या बारीला एवढ्या खात्रीनं सांगितलासा की मी रात्री जेवताना पोरीला म्हटलं, कंपनीनं जगातलं लाईक बंद केलंय. ती हसली हो मला. सुनंसमोर हसली."

"चुकलं, शेठ," मी म्हणालो.

"चुकलं तर चुकलं. पण हितनं पुढं मालाचं बोलायला वैनी येतील. तुमी मोटारी भरा."

चटणी ठेवायची ठरली. पहिल्यांदा थोड्याच बरण्या, गेल्या तर पुढं बघू. बरणीवर चॅनेलचं नाव, म्हणजे अक्काचंच. अक्कानं दुकानात आनंद दाखवला नाही. व्यापाऱ्यापुढं दाखवायचा नसतो, एवढं तिला कळतं. फक्त बाहेर पडताना फळीवर जिथं तिच्या बरण्या येणार होत्या ती जागा तिनं वळून बघून घेतली.

बाहेर रस्त्यावर हमाल पोती उतरवत होते, मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. ही जागा माफी मागायची नव्हे. पण मी आणखी थांबलो असतो तर घरी गेल्यावर जेवण आलं असतं, जेवणानंतर झोप, आणि हे राहून गेलं असतं. अशा किती गोष्टी माझ्या राहून गेल्यात ते हिला तोंडपाठ आहे.

मी म्हणालो, "अक्का, ऐक. त्या दिवशी तुझ्यासमोर हिला मी म्हटलं, की तुझं चांगलं झालेलं हिला बघवत नाही. ते खोटं होतं. मला राग शेठचा आला होता, आणि तोंड माझं पडलं होतं. हिचा काही संबंध नव्हता."

टेम्पोवाला ओरडला, "ओ काका, बाजूला व्हा की!" आम्ही तिघंही पोत्यांच्या बाजूला सरकलो.

"मला म्हाईत होतं त्ये," अक्का म्हणाली. "मी तर त्याच येळी म्हटलं, तम्मा."

"पण मी तुला सांगायला पाहिजे होतं."

"व्हय. सांगितलंस." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "वैनीला सांग की आता. तिच्याकडं बघून."

मी हिच्याकडं वळलो. ती समोरच्या दुकानातल्या पितळी डब्यांकडं बघत होती, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मी पुन्हा तेच म्हणालो, कमी शब्दांत. माझ्या आयुष्यात मी एवढ्या कमी शब्दांत फारसं काही बोललेलो नाही. ती ऐकत होती एवढं कळत होतं, कारण डब्यांवरून तिची नजर हलली नाही.

मग ती म्हणाली, "आईंना काय सांगायचं?"

"कशाचं?"

"हेच, की चटणी ठेवली. बरण्या किती ठरल्या ते सांगू नका. विचारतील त्या, तरी सांगू नका."

"नाही सांगत," मी म्हणालो.

"आणि स्टुलावरच्यांना पण."

"नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. पटलं नाही हे दिसत होतं, आणि तिला पटावं असं मी आजवर काही केलेलं नव्हतं. अक्कानं रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली. दोघी मागं बसल्या, पिशव्या मधे. मी पुढं रिक्षावाल्याशेजारी, निम्मा बाहेर. रिक्षावाला म्हणाला, "काय काका, माल घ्यायला आलातासा?"

"व्हय," मी म्हणालो, आणि घरापर्यंत गप्प बसलो.